ले भिया, जी ले

आज सकाळी पावणेनऊला माझ्या खात्यात चार हजार रुपये आले, साडेआठ हजारांपैकी चार, आणि यूपीआयच्या नोटमध्ये, जिथे माणसं 'दूध' नाहीतर 'भाडं' लिहितात, तिथे बाळ्याने लिहिलं होतं, 'ले भिया, जी ले'.

(नाव बदललंय. रक्कम नाही.)

म्हणजे पैसे माझे, पाच महिने वापरले त्याने, आणि वर मला जगायची परवानगीही तोच देऊन राहिलाय. ३० ऑगस्टला, गणपतीत, त्याच्या स्कूटरचं इंजिन बसलं म्हणून नेले होते, "दिवाळीला नक्की". दिवाळी गेली, संक्रांतीला तिळगूळ घेऊन घरी येऊन गेला, गोड बोलला, विषय काढला नाही. मग एका रात्री साडेबाराला आमच्या इंदूरच्या सराफ्यात तळलेला गराडू कंद खातानाचं स्टेटस. मी दुधीची भाजी खाऊन आडवा झालेलो. त्या गराडूतला अर्धा माझा आहे हे मला त्या फोटोत स्पष्ट दिसत होतं.

मागायचा प्रयत्न केला नाही असं नाही. पूर्वी निदान अ‍ॅपमधून रिक्वेस्ट टाकता यायची, दोन हजारांपर्यंत का होईना, समोरच्याला वाटायचं मशीननेच मागितले. त्यातून लोकांना फसवायला लागले म्हणून १ ऑक्टोबर २०२५ पासून माणसाने माणसाला तशी रिक्वेस्ट पाठवणं बंद झालं, आणि आम्हा भिडस्तांची शेवटची भिंत पडली. आता स्वतःच्या बोटांनी लिहायचं.

तर गेल्या रविवारी रामबागेकडच्या पोह्यांच्या टपरीवर मी फोनमध्ये तोंड घालून उभा, लिहितोय, पुसतोय, लिहितोय. शेजारी आमच्या गल्लीतले काका. काका बँकेतून रिटायर, शेवटची अकरा वर्षं वसुलीत. त्यांनी न विचारता माझ्या स्क्रीनवर मान घातली आणि म्हणाले, "हे काय लिहून राहिलायस? हे तर लग्नाचं आमंत्रण आहे."

फोन काढूनच घेतला हातातून. बोटांना पोह्यांवरचा जीरावन मसाला लागलेला, तो स्क्रीनवर. मग वर सरकवत सरकवत माझे जुने मेसेज मोठ्याने वाचायला लागले, टपरीवाल्यासकट सहा माणसांसमोर.

पहिला: 'काय रे, कसा आहेस? बरेच दिवसांत भेट नाही.'

"त्याचं उत्तर काय आलं? 'मस्त! ये की घरी.' बरोबरच आहे. तू तब्येत विचारलीस, त्याने तब्येत सांगितली."

दुसरा: 'सध्या जरा तंगी आहे रे, मुलीची फीपण भरायचीय.'

"आता तू कारण दिलंस. कारण दिलं की समोरचा ते वजन करतो. त्याने विचारलं ना, फीची शेवटची तारीख कधी? विचारलं! आता फीच्या तारखेपर्यंत त्याला सुट्टी. अरे, पैसे तुझे आहेत, यापेक्षा मोठं कारण काय हवं?"

तिसरा: 'ते आपलं जमलं तर बघ.' त्यावर बाळ्याचा अंगठा.

काकांनी चष्मा काढला. "ते म्हणजे काय? आपलं म्हणजे कोणाचं? जमलं तर म्हणजे नाही जमलं तरी चालेल. आणि बघ म्हणालास, त्याने बघितलं. अंगठा दिला. संपलं." टपरीवाला कढईवरून हसला. मला त्या क्षणी बाळ्यापेक्षा काकांचा जास्त राग आला होता हे इथे नोंदवून ठेवतो.

मग काकांनी स्वतः एक मजकूर सांगितला, जो 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की' असा सुरू होत होता. मी म्हटलं, काका, तो माझ्या मुंजीत जेवलाय. ते जरा वेळ जिलबी चावत गप्प बसले. मग म्हणाले, ठीक आहे, 'रे' राहू दे, पण प्लीज नाही, हसरे चेहरे नाहीत आणि ग्रुपवर तर बिलकुल नाही. ग्रुपवर मागितलेस की तो पैशांचं विसरून अपमानाचं धरून बसतो. महिन्याच्या २ तारखेला सकाळी पाठव, पगार झालेला असतो आणि अजून उडालेला नसतो.

शेवटी तयार झालं ते असं:

'बाळ्या, ३० ऑगस्टला स्कूटरसाठी ८,५०० दिले होते, ते आता परत हवेत रे. ५ तारखेपर्यंत पाठवशील का? एकदम जमत नसेल तर ५ ला ४,००० आणि २० ला ४,५००. यातलं कोणतं, ते आज रात्रीपर्यंत सांग.'

मला हे वाचून घाम फुटला. काका म्हणाले, यात उद्धट काय आहे ते दाखव. मी तीनदा वाचलं आणि खरंच काही सापडलं नाही. तारीख आहे म्हणून 'कोणते पैसे' विचारता येत नाही, आकडा आहे म्हणून पाच हजारच होते ना म्हणता येत नाही, आणि हप्त्याची सोय मीच दिल्याने त्याला लाजून फोन बंद ठेवायची गरज नाही. सगळ्यात भारी शेवटची ओळ. तिला अंगठा चालत नाही, 'कोणतं' या प्रश्नाला अंगठा हे उत्तरच होत नाही. आणि त्याच्याकडे खरंच नसले तर? "तर तो तिसरी तारीख सांगेल, ती घे. पण तारीख घे, 'लवकरच' घेऊ नको. अशा दोन तारखा चुकल्या की मेसेज बंद. घरी जायचं आणि त्याच्या आईसमोर बसून चहा प्यायचा."

जाता जाता काकांनी घाबरवलंही. हातउसने दिले की दावा लावायला तीन वर्षं असतात, आणि ती दिल्या दिवसापासून मोजतात, मागितल्या दिवसापासून नाही. त्याआधी त्याने सहीनिशी लेखी कबूल केलं तर परत नव्याने तीन. आता साडेआठ हजारांसाठी मी जिल्हा कोर्टाच्या पायऱ्या थोडीच चढणार आहे, पण 'कधीतरी मागू' म्हणून गप्प बसलेली माझी सगळी उधारी मी तिथेच मनात मोजली. एकाचे तर २०२१ पासून आहेत. त्याच्या मुलाच्या बारशाला मी पाकिटात अकराशे घालून आलोय.

असो. २ तारखेला सकाळी मेसेज पाठवला, बाळ्याने त्याच दिवशी दुपारी उत्तर दिलं, 'हप्ते', एवढंच. आणि आज बरोबर ५ तारखेला चार हजार, वर ती नोट. संध्याकाळी दुसऱ्या मित्राकडून कळलं की बाळ्या सगळ्यांना सांगत फिरतोय, हा हल्ली सावकार झालाय, तारखा देतो. पाच महिने पैसे ठेवणारा बिचारा आणि चार ओळी लिहिणारा सावकार! माझ्या साडेआठ हजारांवर व्याज नाही घेतलं, तर बदनामी तरी नको होती.

काकांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, बदनामीचं सोड, पोच पाठवलीस का? 'चार हजार मिळाले, राहिले ४,५००, २० तारखेला', बस.

मी म्हटलं, पाठवली.

"वाच."

"'बाळ्या, ४,००० मिळाले, थँक्यू रे, राहिले ४,५००, २० ला.'"

पलीकडे बराच वेळ नुसता टीव्हीचा आवाज.

"थँक्यू कशाबद्दल?" काका म्हणाले.

मेसेज पाठवून पंधरा मिनिटं व्हायची होती, तेवढ्यात एडिट करता येतो म्हणून घाईघाईने उघडला. निळ्या टिका आल्या होत्या. खाली बाळ्याचा रिप्लाय: 'अरे, वेलकम.'