पटते, पण हाती काहीच लागत नाही: कांड्यांच्या खेळावरील आक्षेपाला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: “आपला लेख वाचला. कांड्यांचा खेळ मुलांना दाखवायला ठीक आहे, पण समोरच्याची खात्री पटली म्हणजे त्याला काहीतरी मिळालेच ना? मग ‘शून्य ज्ञान’ कसले? मी तो खेळ मोबाइलवर चित्रित केला, तर पुरावा माझ्या खिशात आला. शिवाय संगणकात कांड्या नसतात, आकडे पाठवावे लागतात, आणि आकड्यांतून गुपित काढता येते. त्यापेक्षा जन्मतारखेचा हॅश दिला की काम भागते. — यंत्रमागांच्या हिशेबात आयुष्य गेलेला एक सोलापूरकर”

आदरणीय महोदय,

आपण इतक्या बारकाईने वाचून लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. माझा लेख ‘शून्य ज्ञान’ पुराव्यांबद्दल होता, म्हणजे गुपित उघड न करता आपला दावा खरा असल्याचे पटवून देण्याच्या पद्धतींबद्दल; उदाहरणार्थ, जन्मतारीख न सांगता आपण अठरा वर्षांचे आहोत हे दाखवणे. हॅशचा मुद्दा आधी घेतो, कारण तो लवकर संपतो. हॅश म्हणजे माहितीवरून ठरावीक कृतीने काढलेला ठसा; त्यावरून मूळ माहिती थेट उलट काढता येत नाही, पण तीच माहिती दिली की तोच ठसा येतो. १८ ते १०० वर्षे वयाच्या माणसांच्या संभाव्य जन्मतारखा जेमतेम तीस हजार भरतात. त्या सगळ्यांचे हॅश साधा लॅपटॉप क्षणार्धात काढतो, आणि आपण दिलेला हॅश त्यांपैकी कोणत्या तारखेशी जुळतो हे लगेच उघड होते. तारखेला एखादी मोठी यादृच्छिक संख्या जोडून हॅश काढला, तर तारीख लपते हे खरे. पण मग हॅश उघडल्याशिवाय आपण अठरा वर्षांचे आहात हेही कुणाला दाखवता येत नाही. आपल्याला नेमके तेच दाखवायचे असते.

आता चित्रीकरणाकडे वळतो, कारण साऱ्या विषयाची किल्ली तिथेच आहे. खेळ असा होता: माझ्याकडे एक लाल आणि एक हिरवी कांडी आहे, आणि माझ्या मित्राला या दोन रंगांतला फरक दिसत नाही. तो कांड्या पाठीमागे नेतो, मनात येईल तसे त्यांची अदलाबदल करतो किंवा करत नाही, मग त्या पुन्हा समोर धरतो, आणि अदलाबदल झाली की नाही हे मी पाहून सांगतो. रंग खरोखर वेगळे नसतील, तर मी वीसही वेळा बरोबर येण्याची शक्यता दहा लाखांत एकाहूनही कमी आहे. म्हणून मित्राची खात्री पटते. त्याला मिळते ते एवढेच, की कांड्या वेगळ्या रंगांच्या आहेत. हा माझा दावाच होता. लाल कोणती, हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. “शून्य” हा शब्द दाव्यापलीकडच्या माहितीबद्दल आहे. १९८५ मध्ये गोल्डवासर, मिकाली आणि रॅकॉफ या संगणकशास्त्रज्ञांनी ही कल्पना प्रथम मांडली, तेव्हापासून तिचा अर्थ हाच आहे.

पण आपण चित्रित केलेला खेळ तिसऱ्या माणसाला दाखवलात, तर त्याने तो का मानावा? आम्ही दोन्ही कांड्या लालच घेऊन चाळीस-पन्नास वेळा खेळू, माझा अंदाज चुकलेले तुकडे कापून टाकू आणि बरोबर आलेले वीस तुकडे जोडू. ही बनावट चित्रफीत आपल्या खऱ्या चित्रफितीपेक्षा कशानेही वेगळी ओळखता येणार नाही. वेगळ्या कांड्या नसतानाही जी फीत तयार होते, तिच्यात कांड्यांबद्दलचे ज्ञान साठलेले असूच शकत नाही. मित्राची खात्री फितीतून आली नाही. अदलाबदल त्याने स्वतः, मला न सांगता केली होती, यातून ती आली.

संगणकातही हेच घडते. गणितज्ञ क्लाउस श्नॉर यांची १९८९ ची पद्धत लहान आकड्यांत करून पाहू. आपण कागद-पेन्सिल घेऊन पडताळावे. सगळ्यांना ठाऊक असलेल्या संख्या दोन: पाया २ आणि भाजक २३. माझे गुपित ७. मी २ चा सातवा घात, म्हणजे १२८, २३ ने भागतो आणि उरलेली बाकी १३ जाहीर करतो. मला १३ मागचे गुपित माहीत आहे, एवढाच माझा दावा आहे. (२ चे घात या भागाकारात दर ११ पायऱ्यांनी पुन्हा येतात, म्हणून घातांकांचा हिशेब ११ ने भागून करायचा.)

मी एक यादृच्छिक संख्या मनात धरतो, समजा ४, आणि २ च्या चौथ्या घाताची बाकी, १६, आपल्याला पाठवतो. ही माझी बांधिलकी. आता मला मागे फिरता येत नाही. त्यानंतर आपण आव्हान म्हणून ३ ही संख्या देता. मी ४ मध्ये ३ गुणिले ७ मिळवतो, २५ येतात, ११ ने भागून ३ उरतात, आणि हे ३ उत्तर म्हणून पाठवतो. आपण दोन बाजू तपासता: २ चा तिसरा घात ८, आणि १६ गुणिले १३ चा घन यांची बाकी, तीही ८. जुळले.

आपल्या वहीत आता १६, ३, ३ असे तीन आकडे आहेत. मात्र ७ माहीत नसलेला कुणीही अशी नोंद उलट्या क्रमाने बनवू शकतो. आव्हान २ आणि उत्तर ९ आधीच ठरवायचे, आणि त्यांना बसेल अशी बांधिलकी मागाहून काढायची. ती १८ येते. पाहा: २ च्या नवव्या घाताची बाकी ६, आणि १८ गुणिले १३ चा वर्ग यांची बाकीही ६. नोंद अगदी चोख आहे, पण बनवणाऱ्याला गुपिताचा पत्ता नव्हता. कापून जोडलेली फीत ती हीच. एक अट मात्र नोंदवतो: आव्हान बांधिलकी पाहून मुद्दाम निवडलेले नसून खरोखर यादृच्छिक असेल, तरच हा युक्तिवाद पूर्णपणे लागू पडतो.

आकड्यांतून गुपित काढता येते, ही आपली शंका दोन ठिकाणी खरी ठरते. पहिले ठिकाण म्हणजे २३ सारखी लहान संख्या. तिथे घातांची यादी करून गुपित पाच मिनिटांत सापडेल. म्हणूनच खऱ्या वापरात या जातीचा भाजक सहाशेहून अधिक अंकी घेतात. दुसरे ठिकाण अधिक घातक आहे. समजा मी आळसाने पुढच्या वेळीही ४ हीच संख्या वापरली, बांधिलकी पुन्हा १६ आली आणि आपण आव्हान ५ दिलेत. माझे उत्तर ४ अधिक ३५, म्हणजे ३९, बाकी ६. आता वजाबाकी करा: आव्हानांत फरक २, उत्तरांत फरक ३. म्हणजे गुपिताची दुप्पट ११ ने भागली की ३ उरतात. ती दुप्पट १४, आणि गुपित ७. सोनीच्या प्लेस्टेशन ३ या खेळयंत्रासाठी सॉफ्टवेअर अस्सल असल्याची डिजिटल स्वाक्षरी करणारी गुप्त चावी २०१० मध्ये उघडी पडली, ती याच जातीच्या चुकीमुळे. दर स्वाक्षरीला नवी हवी असलेली संख्या तीच ती वापरली गेली होती. तपासणाऱ्याला हे ओळखणे सोपे आहे: वहीत तीच बांधिलकी दोनदा दिसली की समजावे.

मला या पद्धतीचे फार अप्रूप वाटते, ते याच वजाबाकीमुळे. एकाच बांधिलकीवर दोन वेगळ्या आव्हानांना जो बरोबर उत्तरे देऊ शकतो, त्याच्या उत्तरांतून गुपित निघते, म्हणजे ते त्याच्यापाशी असलेच पाहिजे. गुपित नसलेला फार तर एका आव्हानाची आधीच तयारी करून ठेवील. आपल्या लहान उदाहरणात तो अकरांत एकदा तरून जाईल, आणि आव्हाने २ च्या १२८ व्या घाताइतकी असतील तर तरणार नाही.

एका बाबतीत मात्र आपला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. समोरासमोर बसण्याची सोय नसते, तेव्हा फिआट आणि शमीर यांच्या १९८६ च्या युक्तीनुसार आव्हान माणूस देत नाही. ते बांधिलकीच्याच हॅशमधून काढतात. मग क्रम उलटवता येत नाही, कारण बांधिलकी बदलली की आव्हानही बदलते. असा पुरावा खरोखर खिशात ठेवता येतो आणि तिसऱ्यालाही पटतो. गुपित तेव्हाही उघड होत नाही, पण “हा पुरावा दुसऱ्याला दाखवता येत नाही” हे मूळ लेखातले माझे वाक्य तिथे चुकीचे ठरते. ते मी आज दुरुस्त केले आहे.