बारा नव्हे, तीनच उदाहरणं द्या

"पाचवीच्या मुलांना रोज गणिताच्या स्वाध्यायातली सगळी बारा उदाहरणं घरी सोडवायला द्या. जितका सराव, तितकं पक्कं. तास-दीड तास गेला तर बिघडलं कुठे? अडलं तर पालक आहेतच की."

हा नेहमीचा सल्ला. पण आधी वेळेचं बघू. केंद्राच्या स्कूल बॅग धोरणात (२०२०) तिसरी ते पाचवीसाठी गृहपाठाची मर्यादा आठवड्याला २ तास आहे. शाळेचे सहा दिवस धरले तर रोज २० मिनिटं, तीही सगळ्या विषयांना मिळून. गणिताच्या वाट्याला फार तर दहा. भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज नुकतीच शिकलेल्या मुलाला एक उदाहरण उतरवून सोडवायला अडीच-तीन मिनिटं सहज लागतात. आपल्या वर्गाला किती लागतात, हे तासाच्या शेवटी एक उदाहरण देऊन घड्याळ लावलं की कळतं. म्हणजे तीन उदाहरणं, बस्स.

सराव हवा, याबद्दल वाद नाही. पाढ्यांना तर तो रोज थोडाथोडा हवाच. पण रीतच चुकली असेल, तर बारा उदाहरणांत तीच चूक बारा वेळा गिरवली जाते आणि चूकच पक्की होते. म्हणून उदाहरण निवडताना एकच बघावं: आज शिकवलेलं समजलं नसेल, तर ते या उत्तरात दिसेल का?

आजचं उद्दिष्ट 'छेद समान करून बेरीज करणे' हे असेल, तर २/३ + १/४ द्या. बरोबर उत्तर ११/१२. वहीत ३/७ दिसलं, तर मुलाने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवलाय. ३/१२ दिसलं, तर छेद १२ केला, पण अंश तसेच ठेवले. पहिल्याला कागदाच्या पट्ट्या घेऊन पुन्हा बसवावं लागेल, दुसऱ्याला सममूल्य अपूर्णांकांची उजळणी पुरेल. दुसरं उदाहरण मागच्या आठवड्यातलं, २/७ + ३/७. छेद समान असतानाही मूल उगाच गुणाकार करतंय का, ते त्यात दिसतं. तिसरा प्रश्न असा: 'एकाने १/२ + १/३ = २/५ लिहिलं. बेरीज न करता हे चूक कसं ओळखशील?' २/५ तर अर्ध्याहूनही कमी, हे ज्याला एका वाक्यात लिहिता आलं, त्याला मिळवणं म्हणजे काय ते समजलंय.

चाळीस मुलांच्या वर्गात बाराच्या हिशेबाने ४८० उत्तरं होतात. ती कोण वाचणार? लाल शाईची सही होते आणि वही परत जाते. तीन असली, तर हजेरी होईपर्यंत निदान पहिल्या उदाहरणाचं उत्तर प्रत्येक वहीत बघून होतं.

राहिले पालक. त्यांनी सोडवून दिलं की वहीत ११/१२ येतं आणि ३/७ करणारं मूल आपल्याला दिसतच नाही. शिवाय ज्यांचे आईवडील रात्री उशिरा कामावरून येतात, त्यांनी काय करायचं? पालकांना एवढंच सांगावं: दहा मिनिटं झाली की जिथं असेल तिथं रेघ मारायला लावा, पुढचं कोरं राहू द्या. निम्म्या वर्गाची रेघ पहिल्याच उदाहरणाखाली असेल, तर दुसऱ्या दिवशी पुढचा घटक घेऊ नये.