दाढीचा रंग अर्धा तास ठेवण्याची गरज नाही

दाढी रंगवण्याबद्दल असा सल्ला ऐकायला मिळतो: «दाढीचे केस राठ असतात, म्हणून रंग अर्धा तास तरी ठेवायलाच हवा. एकदम काळा घेतला की रंगवलंय हे कळत नाही. आणि अमोनिया नसलेला रंग असेल तर आधी चाचणी करायची गरज नाही.»

हनुवटीचे पांढरे केस राठ असतात आणि रंग उशिरा धरतात, एवढे खरे आहे. पण दाढीसाठी बनवलेले झटपट रंग साधारण पाच मिनिटांत काम करतील असेच तयार केलेले असतात. वेळ वाढवली की रंग आणखी गडद होत जातो आणि केसांबरोबर त्वचाही रंगते. गिरगावात राहणाऱ्या माझ्या मामांनी ही सूचना पाळून पंचवीस मिनिटे रंग ठेवला होता. दाढी कोळशासारखी सपाट काळी झाली आणि ओठांभोवतीचा काळा डाग दोन दिवस गेला नाही.

राठ केसांवरचा उपाय वेळ वाढवणे हा नसून लावण्याचा क्रम बदलणे हा आहे. पुढच्या वेळी मामांनी दाढी आधी धुऊन पूर्ण कोरडी केली, कडेच्या त्वचेवर व्हॅसलीन लावले आणि प्लास्टिकच्या वाटीत लागेल तेवढाच रंग कालवला. सर्वांत पांढऱ्या हनुवटीला तो आधी, दोन मिनिटांनी गालांना आणि कल्ल्यांना, आणि मिशीला सर्वांत शेवटी लावला, कारण त्यांच्या मिशीत काळे केस अजून बरेच आहेत. चौथ्या मिनिटाला ओल्या कापसाने हनुवटीची एक बट पुसून पाहिली. छटा हवी तशी दिसताच, पाकिटावरची वेळ पूर्ण होण्याची वाट न पाहता, पाणी स्वच्छ येईपर्यंत दाढी धुतली. छटा फिकी वाटली तर पुन्हा लावता येते. गडद झालेली मात्र सहज उतरवता येत नाही.

एकदम काळ्या रंगाबद्दल थोडक्यात सांगायचे, तर खऱ्या दाढीत प्रत्येक केस सारखा काळा नसतो, त्यामुळे आपल्या मूळ रंगापेक्षा एक छटा फिकी, बहुधा गडद तपकिरी, घ्यावी आणि थोडे पांढरे केस राहू द्यावेत. आठवडाभरात मुळे पांढरी दिसू लागतात, तेव्हाही हा फरक कमी डोळ्यांत भरतो.

तिसरा मुद्दा धोक्याचा आहे. ॲलर्जी प्रामुख्याने पीपीडी या रंगद्रव्याची होते आणि ते अमोनियाविरहित रंगांतही असू शकते. काही मिनिटांत केस काळे करणाऱ्या मेंदीतही ते बहुधा असते, कारण निव्वळ मेंदी केस लालसर-नारिंगीच करते. म्हणून कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून ४८ तास थांबावे. पूर्वी कधी त्रास झाला नव्हता, याचा अर्थ आता होणार नाही असा नव्हे. खाज, लाली किंवा सूज दिसली तर तो रंग चेहऱ्याला लावू नये, आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना घटकांची यादी असलेले पाकीट सोबत न्यावे.