बाहेरचा तुकडा गुणिले आतला तुकडा? नाही.

«दहावी भूमितीची भन्नाट ट्रिक, सगळ्या ग्रुपवर पाठवा! स्पर्शिकेचा वर्ग = छेदिकेचा बाहेरचा तुकडा × आतला तुकडा. उत्तर बरोबर येतं, क्षितिजाच्या गणितातही हेच वापरतात. सिद्धता बघत बसू नका. आत छेदणाऱ्या जीवा आणि दोन छेदिका यांची सूत्रं वेगळी आहेत, ती वेगळी पाठ करा. आणि त्रिज्या दिली असेल तर हे प्रमेय विसरा, थेट पायथागोरस लावा.»

सूत्रापासून सुरुवात करू. त्याची परीक्षा घ्यायला एक वर्तुळ पुरतं. केंद्र O, त्रिज्या 3, आणि बाहेरचा बिंदू E केंद्रापासून 5 अंतरावर. E मधून काढलेली स्पर्शिका T मध्ये टेकते. OT आणि ET काटकोनात आहेत, म्हणून ET = 4. आता E मधूनच केंद्रातून जाणारी छेदिका काढा. ती आधी A मध्ये शिरते आणि पलीकडे B मधून बाहेर पडते. EA = 2, AB हा व्यास म्हणून 6, आणि EB = 8. स्पर्शिकेचा वर्ग 16 आहे. 2 × 6 म्हणजे 12 आणि 2 × 8 म्हणजे 16. पुस्तकात EA × EB = ET² असं आहे ते याचसाठी: दोन्ही लांब्या E पासून मोजायच्या.

आकडे नको असतील तर छेदिका E भोवती हळूहळू स्पर्शिकेकडे फिरवा. A आणि B एकमेकांजवळ सरकत T वर येतात आणि आतला तुकडा शून्याकडे जातो. मेसेजमधलं सूत्र खरं असतं तर गुणाकारही शून्याकडे गेला असता. स्पर्शिका तर जागची हललेलीही नाही! खऱ्या सूत्रात EA आणि EB दोन्ही ET च्या जवळ येतात आणि सगळं नीट जुळतं.

ही चूक पकडली जात नाही, कारण चुकीचं उत्तर बऱ्याचदा दिसायला सभ्य असतं. समजा ET = 9 आणि आतली जीवा AB = 24. EA किती? मेसेजप्रमाणे 81 ÷ 24 = 3.375. कोणालाही शंका येणार नाही. आता नीट करू. EA = x मानलं तर EB = x + 24.

x(x + 24) = 81
x² + 24x − 81 = 0
(x + 27)(x − 3) = 0

लांबी ऋण नसते, म्हणून EA = 3 आणि EB = 27. (टाकून दिलेल्या −27 मधलं चिन्ह सोडलं तर ती EB चीच लांबी आहे, हा योगायोग नाही: दोन मुळांचा गुणाकार −81 असायलाच हवा.) ताळा सोपा आहे: 3 × 27 = 81. तोच ताळा 3.375 ला लावा: 3.375 × 27.375 सुमारे 92.4 येतं, 81 नाही. खूणगाठ म्हणून एवढं बघा की ET ही नेहमी EA पेक्षा मोठी आणि EB पेक्षा लहान असते. मात्र या खुणेने ढोबळ चूक सापडते, 3.375 सारखी नाही. त्यासाठी गुणाकारच करून बघावा लागतो.

क्षितिजाचा दाखला मात्र पूर्ण खोटा नाही, आणि ट्रिक टिकून आहे ती बहुधा त्याच्याच जोरावर. कळसूबाईची उंची 1646 मीटर. पृथ्वीची त्रिज्या 6371 किमी धरली, मधले डोंगर आणि हवेतलं प्रकाशाचं वाकणं सोडून दिलं, तर शिखरापासून समुद्रसपाटीच्या क्षितिजापर्यंतची स्पर्शिका बाहेरचा तुकडा × व्यास घेऊन सुमारे 144.82 किमी येते. खऱ्या सूत्राने येते 144.83 किमी. फरक नऊ-दहा मीटरांचा. 1.646 किमीचा बाहेरचा तुकडा 12742 किमीच्या व्यासापुढे नगण्य आहे, म्हणून EB च्या जागी AB घेतलं तरी चालून जातं. वहीतल्या वर्तुळात बाहेरचा तुकडा असा नगण्य नसतो.

सिद्धता बघितली असती तर ही ट्रिक जन्मालाच आली नसती. AT आणि BT जोडा. त्रिकोण EAT आणि त्रिकोण ETB यांत E चा कोन सामाईक आहे. ∠ETA हा स्पर्शिका आणि जीवा TA यांच्यातला कोन आहे, म्हणून तो तोच कंस अंतर्खंडित करणाऱ्या अंतर्लिखित ∠EBT एवढा. दोन कोन जुळले, त्रिकोण समरूप झाले, आणि EA/ET = ET/EB. झालं. या दोन त्रिकोणांच्या बाजू बघा: EA, AT, ET आणि ET, TB, EB. AB ही त्यांतल्या एकाचीही बाजू नाही, मग ती सूत्रात येणार कुठून? समरूपता लिहिताना शिरोबिंदूंचा क्रम मात्र सांभाळा: EAT ~ ETB. क्रम उलटसुलट केला की गुणोत्तर चुकतं, आणि गुण तिथेच जातात.

वेगळी सूत्रं पाठ करण्याचीही गरज नाही. बिंदूतून कोणतीही रेषा काढा आणि वर्तुळावरच्या दोन्ही छेदबिंदूंपर्यंतची अंतरं त्या बिंदूपासून मोजा. गुणाकार कायम राहतो. बिंदू बाहेर असेल तर प्रत्येक छेदिकेचा गुणाकार ET² येतो, म्हणून दोन छेदिकांचे गुणाकार आपोआप समान. बिंदू आत असेल तर त्यातून स्पर्शिका निघत नाही, पण गुणाकाराचा नियम तोच. तिथे बिंदूपासूनची दोन अंतरं म्हणजेच जीवेचे दोन तुकडे असतात. ‘तुकडा गुणिले तुकडा’ इथूनच उचलून बाहेरच्या बिंदूला चिकटवलेलं दिसतं. युक्लिडने या गोष्टी ‘एलिमेंट्स’च्या तिसऱ्या पुस्तकात पाठोपाठ ठेवल्या आहेत: 35 वं विधान आतल्या जीवांचं, 36 वं स्पर्शिका-छेदिकेचं.

त्रिज्येबद्दल बोलायचं तर पायथागोरस आणि हे प्रमेय एकमेकांचे शत्रू नाहीत. ET² = OE² − r² = (OE − r)(OE + r), आणि उजवीकडचे दोन कंस म्हणजे केंद्रातून जाणाऱ्या छेदिकेचे EA आणि EB. वरच्याच ET = 9, AB = 24 च्या उदाहरणात जीवा AB केंद्रापासून 5 अंतरावर आहे असं सांगितलं, तर दोन्ही लागतात. जीवेचा मध्य M घेतला तर AM = 12, म्हणून r = 13. EM = 3 + 12 = 15, म्हणून OE² = 225 + 25 = 250. आणि 250 − 169 = 81, म्हणजे ET² परत मिळाला.

उलट काही गणितांत पायथागोरस लावायला जागाच नसते. दोन वर्तुळं A आणि B मध्ये छेदतात, त्यांची एक सामाईक स्पर्शिका त्यांना P आणि Q मध्ये टेकते. रेषा AB ही PQ ला M मध्ये छेदते, तर M हा PQ चा मध्य असल्याचं दाखवायचं आहे. पहिल्या वर्तुळात MA × MB = MP², दुसऱ्यात तोच गुणाकार MQ². म्हणून MP = MQ. त्रिज्या लागल्या नाहीत, केंद्रंही लागली नाहीत. एक अट तेवढी उत्तरात लिहावी: M दोन्ही वर्तुळांच्या बाहेर हवा. तो असतोच, कारण स्पर्शिकेवरचा स्पर्शबिंदू सोडून प्रत्येक बिंदू त्या वर्तुळाच्या बाहेर असतो, आणि M हा P किंवा Q असू शकत नाही. तसं असतं तर रेषा AB एकाच वर्तुळाला तीन बिंदूंत भेटली असती.