काच पुसलीस का गो?

आज दुपारी जुन्या ऑफिसातल्या एकीचा मेसेज, सात वर्षांनी. "हाय, कशी आहेस, कधीतरी भेटू गं." मी हातातली चपाती तव्यावर तशीच ठेवून खूश होऊन उत्तर दिलं, मुलांचं सगळं सांगितलं, आणि तिचा पुढचा मेसेज पॉलिसीचा! चपाती करपली ती वेगळीच. अरे, पॉलिसी विकायचीय तर पहिल्या ओळीत सांगा ना! मान्य, कामासाठी जुन्या ओळखीला फोन करणं काही गुन्हा नाही. पण माणसाला आधी हळवं करून मग फॉर्म पुढे करायचा, हे मला सहन होत नाही.

मला आमच्या कॅनिंगच्या लॅबमधल्या ताई आठवल्या. हापूसच्या रसाचं ब्रिक्स, म्हणजे गोडी, बघायच्या आधी त्या दरवेळी विचारायच्या, "काच पुसलीस का गो?" रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर आधीच्या रसाचा थेंब राहिला की पुढचं रीडिंग चुकतं. मी नोकरी सोडून लग्न करून रत्नागिरीत आले, त्या चिपळूणला, नऊ वर्षं एक फोन नाही. लाज वाटायची, एवढ्या दिवसांनी काय म्हणून करायचा.

गेल्या वर्षी मे महिन्यात घरी रस काढताना राहवेना. "कशा आहात" एवढंच लिहिलं आणि पुसलं, त्याचं उत्तर "मजेत" आणि विषय संपला असता. मग लिहिलं:

"ताई, मी लॅबमधली. आज रस काढताना 'काच पुसलीस का गो' आठवलं. काम काहीच नाही, नुसत्या गप्पा मारायच्यात. शनिवारी चारनंतर किंवा रविवारी सकाळी दहाला वीसेक मिनिटं फोन करू का? नाही जमलं तरी काही नाही, नंतर बघू."

नऊ वर्षं फोन का केला नाही याचं पुराण लावलं नाही, लावलं असतं तर त्यांना माझीच समजूत घालत बसावं लागलं असतं. दोन वेळा दिल्या कारण "कधीतरी" म्हटलं की तारीख काढायचं काम समोरच्यावर पडतं, आणि ती कोणी काढत नाही.

चार दिवस उत्तर नाही. निळ्या टिका दिसत होत्या. जीव तुटत होता, पण "वाचलंत का?" असं विचारलं नाही. पाचव्या दिवशी मेसेज, सासूबाई दवाखान्यात होत्या, रविवारी कर. फोन उचलल्यावर हॅलो नाही की काही नाही, "काच पुसलीस का गो?" मला बोलायलाच येईना. वीस मिनिटांचा सव्वा तास झाला, पण तो त्यांनी वाढवला, मी नाही.

मग भेटलो संगमेश्वरला, दोघींना साधारण सारखंच अंतर पडतं. कॉफी अगदीच पांचट होती, तरी दोन-दोन कप प्यायलो.

पॉलिसीवालीला मी अजून उत्तर दिलेलं नाही. राग ओसरला की देईन, तिलाही घर चालवायचंय.

पॅकिंगमधल्या दोघी हे वाचत असाल तर या रविवारी सकाळी अकराला मी आणि ताई परत संगमेश्वरला आहोत, स्टँडजवळ. काम काही नाही. येताय का?