अलमट्टी, पूररेषा आणि "असं बोलू नका, कर्नाटकाचं फावेल"

थोडं लांबलचक होणार आहे. सांगली-कोल्हापूरच्या मंडळींनी शिव्या घालायच्या तर पूर्ण वाचून घालाव्यात.

परवा एका लग्नात जेवणाच्या पंगतीत पुराचा विषय निघाला. आमच्याकडे तो निघतोच. मी एवढंच म्हणालो की २०१९ च्या महापुराला कर्नाटकातलं कृष्णेवरचं अलमट्टी धरण जबाबदार नव्हतं असं पुराची कारणं तपासणाऱ्या वडनेरे समितीचा अहवाल सांगतो, तर तो अहवाल खोडायचा असेल तर आकड्यांनी खोडायला हवा. शेजारचे काका भाताचा घास तसाच हातात धरून म्हणाले, "अरे, असं बोलतात का? उद्या कर्नाटकवाले हेच कोर्टात दाखवतील. त्यांना धरणाची उंची वाढवायला आयतं कोलीत मिळेल." पंगतीतल्या बाकीच्यांनी माना डोलावल्या. समितीनं कुठे चूक केली, हे कुणी सांगितलं नाही. अहवाल खरा ठरला तर आपली पंचाईत होईल, म्हणून तो खोटा. विषय संपला, जिलेबी आली.

काकांची भीती फालतू नाही. अलमट्टीची पूर्ण संचय पातळी आज ५१९.६ मीटर आहे आणि कृष्णा लवादाच्या निवाड्यात ती ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायला मुभा आहे. म्हणजे साधारण पंधरा फूट. ज्यांच्या घरात २०१९ मध्ये माळ्यापर्यंत पाणी होतं, सांगलीच्या आयर्विन पुलावर ज्यांनी पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं पाहिलं (धोक्याची पातळी ४५ फूट), त्यांनी या पंधरा फुटांना घाबरू नये तर कुणाला घाबरावं? पण भीती रास्त असली म्हणून २०१९ मध्ये काय घडलं ते बदलत नाही. पाणी ज्या कारणानं चढलं त्या कारणानं चढलं. त्यातून कुणाचं फावतं, हे नदीला ठाऊक नसतं.

आता गंमत बघा. "हे खरं मानलं तर काय होईल" हा प्रश्न मुळात वाईट नाही. उलट कुठलाही दावा तपासायची तीच रीत आहे. फक्त "काय होईल" याचे दोन अगदी वेगळे अर्थ निघतात आणि आपण ते बेमालूम मिसळतो. अलमट्टीच्या फुगवट्यामुळे, म्हणजे धरणात अडलेलं पाणी नदीत मागे चढत आल्यामुळे, सांगलीत पाणी चढलं, असं समजा. मग काय दिसायला हवं? फुगवटा धरणाजवळ सगळ्यात जास्त असतो आणि वर वर येताना कमी होत जातो. म्हणजे धरणाआधीच्या वर्षांशी तुलना केली, तर तेवढ्याच विसर्गाला पाणी आता जास्त चढलेलं दिसलं पाहिजे. आणि ही वाढ धरणाच्या वरच्या अंगाला हिप्परगी बंधाऱ्याला मोठी, त्याच्याही वर राजापूर बंधाऱ्याला त्याहून कमी आणि सांगलीला आणखी कमी, अशी उतरत आली पाहिजे. तशी दिसली तर अलमट्टीवरचा आरोप पक्का होतो. पण वाढ सांगलीत भरपूर आणि खाली हिप्परगीला काहीच नाही असं निघालं, तर पाणी अडवणारी गोष्ट मधेच कुठेतरी आहे: नदीत आलेले भराव, पुलांच्या जोडरस्त्यांचे बांध, पात्रातला गाळ, किंवा नृसिंहवाडीला पंचगंगा तितक्याच जोरानं येऊन कृष्णेला तुंबवते ते.

हा झाला पहिला अर्थ. दुसऱ्या अर्थानं उत्तर येतं, "कर्नाटकाचं फावेल." पहिल्या उत्तरानं दावा पडू शकतो किंवा उभा राहू शकतो. दुसऱ्यानं दोन्हींपैकी काहीच होत नाही, फक्त बोलणारा गप्प बसतो.

काही जण "अलमट्टी ५१९ वर, सांगलीची धोक्याची पातळी ५४० च्या आसपास, मग पाणी डोंगर चढून येणार का" असं म्हणून हसतात, तेही मला पटत नाही. वाहत्या पुराचा पृष्ठभाग सपाट नसतो, त्याला उतार असतो. त्यामुळे नुसत्या वीस मीटरच्या फरकानं फुगवट्याचा प्रश्न निकालात निघत नाही. विसर्ग आणि पातळीच्या नोंदी ठिकाणाठिकाणी लावूनच बघावं लागतं. अहवालावर आक्षेप घेणाऱ्यांपैकी जे हिप्परगीच्या दारांबद्दल, गाळाबद्दल, वेळच्या वेळी विसर्ग सोडला की नाही याबद्दल बोलतात, ते बरोबर जागी बोट ठेवतात. त्यांच्याशी वाद घालायला मजा येते. आणि पलीकडे कुणी "अहवाल आपल्या सोयीचा, म्हणजे बरोबर" म्हणत असेल, तर त्याचीही गत पंगतीतल्या काकांसारखीच.

माझं तर म्हणणं असं की २०१९ चं खापर अलमट्टीवर फुटलं नाही, तरी उंचीला विरोध करता येतो, आणि तो जास्त जोरात करता येतो. ५१९ वर काय झालं आणि ५२४ वर काय होईल हे दोन निराळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर 'नाही' आलं म्हणून दुसऱ्याचं आपोआप 'नाही' येत नाही. पण आपण सगळा विरोध २०१९ च्या एकाच खुंटीला टांगला. ती खुंटी उपटली की सगळंच खाली येणार, म्हणून मग खुंटीला हात लावणारा गद्दार.

हाच प्रकार घराजवळ बघायचा असेल तर पूररेषेकडे बघा. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी, निळी ते लाल या पट्ट्यात अटी. रेषा जाहीर झाली की एक वाक्य ठरलेलं: "ही रेषा मानली तर अर्ध्या गावाच्या प्लॉटांची किंमत मातीमोल होईल, म्हणजे रेषा चुकीची आहे." मातीमोल होईल, हे मान्य. पण चुकीची कशी?

शंभर वर्षांतून एकदा म्हणजे "आपण मेल्यावर", असंही बरेच जण धरून चालतात. हिशोब असा नाही. २५ वर्षांचा पूर म्हणजे दर वर्षी चार टक्के शक्यता. निळ्या रेषेवर वीस वर्षांचं गृहकर्ज काढून घर घेतलं, तर वीसही वर्षं कोरडी जाण्याची शक्यता ०.९६ चा विसावा घात, म्हणजे ४४ टक्के. हप्ते फिटायच्या आत एकदा तरी पाणी घरात येण्याची शक्यता ५६ टक्के. लाल रेषेवर तीच १८ टक्के. आणि हे आकडे जुन्या नोंदी पुढेही लागू पडतील असं धरून. २००५, २०१९, २०२१ ही वर्षं ज्यांनी काढली त्यांनी त्यावर किती भरवसा ठेवायचा ते ठरवावं.

रेषेमध्ये दोन गोष्टी गुंडाळलेल्या असतात. पाणी कुठवर येतं, हे मोजमाप. तिथे बांधू द्यायचं की नाही, भरपाई कुणी द्यायची, जुनी घरं कायम करायची का, हा निर्णय. निर्णयात गरिबाचं नुकसान, गावाची सोय, सगळं बोलायलाच हवं. तिथे परिणामांचा मुद्दा हक्काचा आहे. निर्णय नको म्हणून मोजमापच सरकवायचं झालं, तर कागदावर रेषा नदीकडे सरकते आणि सांगलीच्या सूर्यवंशी प्लॉटात पाणी मात्र पूर्वीच्याच ठिकाणी शिरतं.

ज्यांना रेषा खरोखर चुकीची वाटते त्यांनी हरकत जरूर द्यावी. फक्त हरकतीत किमतीबरोबर हेही लिहा: माझ्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची खूण इतक्या उंचीवर आहे, तारीख अमुक, त्या दिवशी आयर्विनला पातळी इतकी होती आणि तुमच्या नकाशाप्रमाणे माझ्याकडे तितकं पाणी यायला नको होतं, किंवा यायला हवं होतं ते आलं नाही. असा एक अर्ज आला तर अभियंत्याला त्या जागचा नदीचा छेद पुन्हा काढून बघणं भाग पडतं. "आमचं वाटोळं होईल" असे पाचशे अर्ज आले तर तो फक्त गठ्ठा बांधतो.