बिलांचे गहाळ नंबर : एका प्रतिक्रियेला उत्तर

> लेख वाचला. बिलं चढत्या क्रमाने लावून खालच्या नंबरातून वरचा वजा केला की दोन मिनिटांत गॅप दिसतात. त्यासाठी एवढी सूत्रं? तुमचं मोजणीचं पहिलं सूत्र दुबार नंबर असला की चुकतं, आणि महिन्याच्या शेवटची बिलं कुणी उडवली तर गप्पच बसतं. जुन्या एक्सेलमध्ये FILTER नाही, हेही लिहिलेलं नाही. असले लेख लिहिण्याआधी एखाद्या दुकानाच्या रजिस्टरला हात लावला असता तर बरं झालं असतं.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण रात्रभर तेच डोक्यात घोळत होतं. बाकीचं सौम्य शब्दांत सांगता आलं असतं, पण असो.

साहेब, मी नऊ वर्षं एका करसल्लागाराच्या ऑफिसात दुकानांची रजिस्टरंच तपासत होतो. ज्या हार्डवेअरच्या दुकानामुळे एक्सेलमध्ये गहाळ बिल नंबर शोधण्याचा तो लेख सुचला, त्याचं मे 2024चं रजिस्टर माझ्यासमोर होतं. INV/24-25/0118 ते INV/24-25/0164, म्हणजे 47 नंबर हवेत, आणि ओळी 46. मालक म्हणाले, "एकच बिल सापडत नाही, बघा जरा." A रकान्यात पूर्ण बिल नंबर होते, B रकान्यात त्यांचे शेवटचे चार अंक, आणि माझ्या पहिल्या सूत्राचं उत्तरही 1च आलं:

```
=MAX(B2:B47)-MIN(B2:B47)+1-COUNT(B2:B47)
```

प्रत्यक्षात दोन नंबर गायब होते, 0140 आणि 0152. आणि 0125 दोनदा होता. दुबार ओळीने एक खड्डा झाकला होता. म्हणजे तुम्ही म्हणता ती चूक मी तुमच्या आधी, दुकानात बसून, स्वतः खाल्लेली आहे. लेखात ती सांगायची राहिली, एवढंच. म्हणून तर लगेच दुसरं सूत्र दिलं होतं. ते तुम्ही वाचलंत की नाही, कुणास ठाऊक.

```
=FILTER(SEQUENCE(47,1,118),COUNTIF(B2:B47,SEQUENCE(47,1,118))=0)
```

हे 118पासून 47 आकडे तयार करतं आणि रजिस्टरात एकदाही न आलेले तेवढे दाखवतं. काहीच गहाळ नसेल तर `#CALC!` येतं, त्याला घाबरायचं नाही.

आता तुमची दोन मिनिटं. पूर्ण बिल नंबर वजा करून बघा, `#VALUE!` मिळेल, कारण तो आकडा नाही, मजकूर आहे. आधी B2मध्ये `=VALUE(RIGHT(A2,4))` लिहून शेवटचे चार अंक वेगळे काढावे लागतात. VALUE विसरलात तर आणखी गंमत: MAX, MIN आणि COUNT तिन्ही मजकुराकडे दुर्लक्ष करून 0 देतात, आणि माझं पहिलं सूत्र छातीठोकपणे "1" म्हणतं. रजिस्टर कितीही मोठं असो, उत्तर 1! नंबरात आधीची शून्यं नसतील तर क्रम लावतानाच 100 हा 99च्या वर जाऊन बसतो. हे सगळं सांभाळलंत तर वजाबाकी चालते, मी नाही कुठे म्हणालो? फरक 2 आला की एक नंबर गहाळ, 0 आला की दुबार. पण माझ्या पद्धतीने गहाळ नंबरांची यादी थेट मालकाच्या हातात देता येते.

तीच यादी घेऊन आम्ही बिलबुक उघडलं. 0152चं बिल होतंच. टाइप करणाऱ्याने आकडे उलटे करून 0125 लिहिलं होतं. 0140चं बिल गिऱ्हाइकाने परत केलं, तेव्हा पोराने टॅलीत `Alt+X` दाबून रद्द करण्याऐवजी `Alt+D` दाबून ते पुसूनच टाकलं. रद्द केलेलं बिल मालिकेत राहायला हवं, कारण जीएसटीआर-1च्या तक्ता 13मध्ये पहिला नंबर, शेवटचा नंबर, एकूण आणि रद्द किती हे सगळं द्यावं लागतं. इथे 47, त्यात 1 रद्द, निव्वळ 46. अशी जुळवणी करूनच मी घरी गेलो होतो. याला रजिस्टरला हात लावणं म्हणत नसतील तर मला माहीत नाही कशाला म्हणतात.

FILTER आणि SEQUENCE एक्सेल 2019 किंवा त्याआधीच्या आवृत्तीत नाहीत, हे मात्र खरं. मान्य. त्यांनी D रकान्यात 118 ते 164 आकडे ओढावेत आणि शेजारी `=COUNTIF($B$2:$B$47,D2)` लिहावं. 0 म्हणजे गहाळ, 2 म्हणजे दुबार.

महिन्याच्या शेवटच्या बिलांचं म्हणाल, तर जूनचं पहिलं बिल 0165 आहे का ते बघायचं, संपलं. ते 0167 निघालं तर मधली दोन मेमध्येच शोधायची. इतकं तर कुणीही करतं, म्हणून लिहिलं नव्हतं. आता लेखात एक ओळ टाकली आहे. तुमचं नाव दिलेलं नाही, तुम्हीही दिलं नव्हतं.